मिरची पावडरच्या पाकिटाचा लोगो : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२६, मंगळवार

भिवापूरकडच्या एका गावातला महिला बचत गट आज आमच्या छपाईच्या दुकानात आला. अध्यक्ष ताई, सचिव ताई आणि सचिव ताईंचा कॉलेजात शिकणारा मुलगा. मिरची पावडरचे छापील पाऊच हवेत, २०० आणि ५०० ग्रॅमचे. आतापर्यंत माल साध्या पिशवीत भरून आठवडी बाजारात जायचा. यंदा उमरेड आणि नागपूरच्या किराणा दुकानांत ठेवायचा आहे. लोगो तयारच आहे म्हणाले. मुलाने मोबाइलवरच्या चित्र बनवणाऱ्या एआय अ‍ॅपमधून काढून आणला होता.

चित्र दिसायला सुरेख. डोक्यावर लाल मिरच्यांची पाटी घेतलेली बाई, एक हात पाटीला लावलेला, मान थोडी उजवीकडे वळलेली. मागे किरणांचा पिवळा गोल, खाली दोन्ही टोकांना दुमडलेली हिरवी पट्टी. पट्टीत गटाने ठरवलेलं नाव. ते नाव या वहीत लिहीत नाही. ट्रेडमार्कचा अर्ज दाखल होईपर्यंत ते बाहेर जाऊ नये असं ताईंना वाटतं आणि ते बरोबरच आहे.

चित्र बघताक्षणी वाटलं की हे मी कुठेतरी पाहिलंय. कुठे ते आठवेना. काम घेतलं, पण फाइल छापखान्याकडे पाठवली नाही.

कारण हिशेबात आहे. पाऊच रोटोग्रॅव्हूरवर छापायचे तर प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर लागतो. या चित्रात सहा रंग, पाकिटाची मापं दोन, म्हणजे बारा सिलिंडर. नागपूरच्या छापखान्याचा मला पडणारा दर एका सिलिंडरला साडेचार हजार. चोपन्न हजार रुपये नुसत्या सिलिंडरचे, फिल्म आणि छपाई वेगळी. लोगो बदलावा लागला तर ज्या रंगात तो आहे ते सगळे सिलिंडर भंगारात. गटाने हे पैसे बँकेच्या कर्जातून आणले आहेत. आठ दिवस मागून घेतले.

७ जानेवारी, बुधवार

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी गूगल लेन्सवर शोध घेतला. आख्खा लोगो टाकला तर पाटीवाल्या बायकांची शेकडो चित्रं आली आणि त्यातून काहीच कळेना. असा शोध इथेच सोडून देतात आणि 'काही सापडलं नाही' म्हणतात. पण आख्ख्या चित्रात नाव असतं, पट्टी असते, रंग असतात, आणि शोध त्यातल्या कशाच्याही मागे धावतो.

म्हणून तीन तुकडे केले. पहिल्यात पट्टी आणि नाव पुसून फक्त बाई आणि गोल ठेवला. दुसऱ्यात फक्त कंबरेपासून वरची बाई. तिसऱ्यात सगळं काळं करून नुसती बाह्यरेषा, म्हणजे पडद्यावर सावली पडावी तशी. तिसऱ्या तुकड्याने काम केलं. चौथ्या-पाचव्या ओळीत दुसऱ्या राज्यातल्या एका मसाला कंपनीचं पाकीट आलं, आणि लगेच आठवलं. नागपूरला बहिणीच्या स्वयंपाकघरात हेच पाकीट फळीवर असतं.

मान त्याच बाजूला वळलेली, पाटीला लावलेला हात तोच, मागचा किरणांचा गोल आणि खालची दुमडलेली पट्टीही तशीच. वेगळं काय? त्यांच्या पाटीत मिरच्यांसोबत धणे-हळदही आहे, आणि साडीचा काठ निराळा आहे.

मुलाला फोन करून विचारलं की अ‍ॅपमध्ये नेमकं काय टाकलं होतंस. त्याने जसंच्या तसं पाठवलं:

```
indian village woman carrying basket of red chillies,
round logo, red yellow, like famous masala packet
```

शेवटचे चार शब्द नको होते. पण ते नसते तरी काम निभावलं असतं असं नाही. यात वळलेली मान मागितलेली नाही, किरणांचा गोल नाही, हिरवी पट्टी तर नाहीच. न मागता आलेल्या गोष्टी कुठून आल्या, हे बघायला हवं. ही यंत्रं जाळ्यावरची कोट्यवधी चित्रं दाखवून शिकवलेली असतात. एखादं चित्र जाहिरातीत, दुकानांच्या पानांवर, बातम्यांत हजार ठिकाणी असेल तर त्याची ठेवण यंत्रात जास्त खोल बसते. गेटी इमेजेस या छायाचित्र संस्थेच्या बाबतीत तर तिच्या चित्रांवरचा पुसट शिक्कासुद्धा स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या एआयने काढलेल्या नव्या चित्रांत उमटला होता. तो वाद लंडनच्या उच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०२५ च्या निकालात, मर्यादित प्रमाणात का होईना, ट्रेडमार्कचा भंग झाल्याचं मान्य झालं. यंत्राने काढलं म्हणजे नवं, ही समजूत मुलाची होती. त्यात त्याचा दोष नाही. अ‍ॅप उघडताना हे कोणी सांगत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

इंटरनेटवर पाकीट दिसलं, एवढ्यावर थांबता येत नाही. त्यांचं चित्र नोंदलेलं आहे का, कोणत्या वर्गात, आणि आणखी कोणाचं असंच चित्र आहे का, हे नोंदवहीत बघायचं. ट्रेडमार्क कार्यालयाची नोंदवही सगळ्यांना फुकट बघता येते: `tmrsearch.ipindia.gov.in/tmrpublicsearch`. ईमेलवर ओटीपी येतो, मग आत जाता येतं.

बहुतेक लोक तिथे फक्त शब्द शोधतात. चित्र शोधायची सोय 'Vienna Code' नावाखाली आहे. बऱ्याच देशांत लोगोतल्या आकृत्यांना आकड्यांची एक ठरलेली यादी लावतात. बायकांच्या आकृत्या २.३ मध्ये, सूर्य १.३ मध्ये, भाज्या ५.९ मध्ये. पुढचे बारीक आकडे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या यादीत बघायचे, सहा आकडी कोड बनवायचा आणि सोबत मालाचा वर्ग द्यायचा. तिखट, हळद, मसाले वर्ग ३० मध्ये. गटाला पुढे लोणचंही करायचं आहे, ते वर्ग २९ मध्ये. मी दोन्ही वर्ग बघितले.

या शोधात दोन खोड्या आहेत आणि दोन्हींनी पूर्वी मला चकवलं आहे. पहिली म्हणजे कोड माणूस लावतो. पाटीवाल्या बाईला एकाने बाई म्हणून कोड दिला, दुसऱ्याने सूर्य महत्त्वाचा धरला, तर एकाच कोडवर शोधणाऱ्याला दुसरं चित्र दिसणारच नाही. म्हणून चित्रातल्या प्रत्येक ठळक गोष्टीवर वेगळा शोध घ्यायचा. दुसरी म्हणजे अर्ज आला की त्याला कोड लगेच लागत नाही, मध्ये वेळ जातो. अगदी ताजा अर्ज चित्राच्या शोधात सापडत नाही, तो शब्दाच्या शोधातच सापडला तर सापडतो.

बायकांच्या कोडवर वर्ग ३० मध्ये भरपूर चित्रं निघाली. एकेक उघडून बघायला दुपार गेली. ती कंपनी सापडली. 'Registered', वर्ग ३०, चित्र काळं-पांढरं. रंगाची कसलीही मर्यादा लिहिलेली नाही. ही ओळ वहीत दोनदा अधोरेखित केली.

१२ जानेवारी, सोमवार

आता प्रश्न सारखेपणाचा. दोन चित्रं शेजारी ठेवली तर मला सात-आठ फरक दाखवता येतात. धणे आहेत-नाहीत, काठ निराळा, किरणं कमी-जास्त. फरक मोजून समाधान करून घेणं सोपं आहे, म्हणून याच मुद्द्यावरचा जुना निकाल पुन्हा वाचला.

१९७२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, पार्ले विरुद्ध म्हैसूरची जे. पी. अँड कंपनी. बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र होतं. पार्लेच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात बादली घेतलेली मुलगी, भोवती गायी-कोंबड्या. दुसऱ्या कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी, पण गवताचा भारा घेतलेली, आणि गायी-कोंबड्या होत्याच. खालच्या दोन्ही न्यायालयांनी फरक मोजले आणि पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. म्हटलं की दोन पुडे शेजारी ठेवून फरक शोधायचेच नाहीत. गिऱ्हाईक एक पुडा आज बघतो आणि दुसरा काही दिवसांनी. त्याच्या मनात ढोबळ ठेवण उरते. त्या ठेवणीत गोंधळ होईल का, एवढंच विचारायचं.

बादलीच्या जागी भारा, तसं आमच्याकडे धण्यांच्या जागी मिरची. यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

घरी हळदीकुंकू होतं. तिखट-मसाला विकत घेणाऱ्या बायका एका जागी आयत्या जमल्या होत्या, म्हणून बायकोच्या हातात लोगोची प्रिंट दिली. नाव पुसलेलं, आकार पाकिटावर येईल तेवढाच. तीन सेकंद दाखवायची, पालथी घालायची आणि विचारायचं, "काय दिसलं?" 'हा अमुक ब्रँड आहे का' असं विचारायचं नाही, कारण मग उत्तर आपणच त्यांच्या तोंडी घालतो.

चौदा बायकांपैकी पाच जणींनी आपणहून त्या कंपनीचं नाव घेतलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नवीन पाकीट काढलं का त्यायनं?" बाकी नऊ जणींपैकी बहुतेकींनी "मिरचीवाली बाई" एवढंच सांगितलं.

कोर्टात या चाचणीला काही किंमत नाही. पण पाच जणी म्हणजे मला पुरे आहेत. त्यातही काकूंचं वाक्य सगळ्यात घातक, कारण कायदा ज्याला गोंधळ म्हणतो तो हाच: माल वेगळा आहे हे कळूनही तो त्याच कंपनीचा वाटणं.

१६ जानेवारी, शुक्रवार

गावात जाऊन गटाच्या बैठकीत सगळं मांडलं. अध्यक्ष ताईंना वाईट वाटलं. "इतकं चांगलं तर दिसून रायलं भाऊ. आपलं गाव कुठं, ते लोक कुठं! त्यायले कसं माहीत होईन?"

प्रश्न रास्त होता. गावातल्या बाजारात कदाचित कळलं नसतं. पण नागपूरच्या दुकानात त्यांचं आणि आपलं पाकीट एकाच फळीवर येणार, आणि त्यांचा विक्रेता दर आठवड्याला त्या फळीसमोर उभा असतो. मग वकिलाची नोटीस येते, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३५ खाली विक्री थांबवायचा आदेश, नुकसानभरपाई किंवा कमावलेल्या नफ्याचा हिशेब, शिवाय छापलेली लेबलं नष्ट करण्यासाठी जमा करायला सांगता येतं. पाऊचवर चित्र थेट छापलेलं असतं. लेबल फाडून माल वाचवता येत नाही, तिखट उपसून दुसऱ्या पाकिटात भरावं लागतं.

मुलाने विचारलं, "दादा, रंग बदलवला तं? हिरवा गोल, जांभळी साडी? नाहीतर चित्र उलटं करू." इथे ती अधोरेखित ओळ कामाला आली. रंगाची मर्यादा न घालता नोंदलेलं चिन्ह सगळ्या रंगांत नोंदलेलं धरलं जातं, ट्रेडमार्क कायदा १९९९ चं कलम १० तसं सांगतं. आणि आरशातलं चित्र मनात तीच ठेवण सोडतं.

माझ्याबद्दलही स्पष्ट बोललो. कलम २९ च्या सातव्या पोटकलमाप्रमाणे, परवानगी नाही हे माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून जो वेष्टनावर दुसऱ्याचं नोंदलेलं चिन्ह छापतो, तोही भंगात सामील धरला जातो. ७ तारखेपासून मला माहीत आहे. तेव्हा हे चित्र माझ्या दुकानातून जाणार नाही.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसलेल्या एक वयस्कर आजी म्हणाल्या, "आमी काई पाटी डोक्शावर घेऊन फिरत नाई. सातऱ्यावर बसून मिरच्या खुडतो. थे काढा ना."

२० जानेवारी, मंगळवार

सातऱ्यावर, म्हणजे मिरच्या पसरून खुडतात त्या जागेवर, गेलो. हंगाम भरात आहे, लाल ढीग पसरलेले, दोन्ही बाजूंना बायका बसून मिरचीची मुकी खुडतात. डोळ्यांतून पाणी आणि नाकाला रुमाल, दहा मिनिटांत मला ठसका लागला. अंगठा आणि तर्जनी देठाला लागतात, एक हिसका आणि मिरची टोपलीत. आजींच्या हाताचे वीसेक फोटो काढले.

उमरेडच्या चित्रकला शिक्षकांकडून कागदावर काढून घेतलं. दोन बोटं, मनगटावर एकच बांगडी, बोटांत देठ आणि खाली लोंबणारी वाकडी मिरची. गोल नाही, पट्टी नाही, सूर्य नाही. रंग दोनच, लाल आणि काळा. सर म्हणाले की हे छोट्या आकारातही वाचता येईल, आणि खरंच नखाएवढं केलं तरी ओळखू येतं. चित्राचे हक्क गटाला दिल्याचं पत्र त्यांनी सही करून दिलं. फोटो, कच्ची चित्रं आणि पत्र, सगळं तारखांसह एका पाकिटात ठेवलं. उद्या कोणी विचारलं की हे कुठून आलं, तर दाखवायला आहे.

२४ जानेवारी, शनिवार

नव्या चित्रावर तोच शोध पुन्हा. हाताने काढलं म्हणून सूट नाही, हातालाही पाहिलेलंच आठवतं.

लेन्सवर तीनही तुकडे टाकले, जवळचं काही नाही. जागतिक संघटनेच्या `branddb.wipo.int` वर चित्र टाकून शोधता येतं, तिथेही नाही. मग भारतीय नोंदवही, कारण शेवटचा शब्द तिचाच. यावेळी हातांसाठी २.९ आणि भाज्यांसाठी ५.९ खालचे कोड, वर्ग २९ आणि ३०.

एक चित्र अडलं. मुठीत उभी धरलेली मिरची, वर्ग ३०, शेजारी 'Abandoned'. अर्जदाराने अर्ज सोडून दिला, म्हणजे नोंदणी झालीच नाही. मुलाला हायसं वाटलं. मला लगेच वाटलं नाही. अर्ज सोडला म्हणजे धंदा सोडला असं होत नाही. तो माल आजही त्या चिन्हाने विकला जात असेल तर नोंदणी नसतानाही आधीपासून वापरणाऱ्याला दावा करता येतो, आपला माल त्याचा म्हणून विकल्याचा. म्हणून अर्जातलं नाव घेऊन विक्रीच्या संकेतस्थळांवर शोधलं, नागपूरच्या इतवारीतल्या ओळखीच्या ठोक व्यापाऱ्याला चित्र पाठवून विचारलं. कुठेही नाही. शिवाय मूठ आणि खुडणारी दोन बोटं यांची ठेवण निराळी आहे. हे सोडून दिलं, पण का सोडलं ते वहीत राहू दे.

दुपारी तीन सेकंदांची चाचणी दुकानात आलेल्या दहा जणांवर केली. कोणीही कुठल्या ब्रँडचं नाव घेतलं नाही. दोघांना ती चिमटी वाटली, म्हणून सरांना देठ जरा लांब करायला सांगितलं.

२९ जानेवारी, गुरुवार

नावाचा शोध. हे सोपं काम. मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लोक निरनिराळं लिहितात, म्हणून सगळी स्पेलिंगं 'Contains' मध्ये आणि मग 'Phonetic' मध्ये. अडचण नाही.

दुसरीच गोष्ट मात्र निघाली. मुलाच्या जुन्या नमुन्यात नावाखाली 'अस्सल भिवापुरी मिरची' असं होतं. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते नाव मालावर लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. गटातल्या काहींचं बियाणं तेच आहे, पण नोंद नाही. ती ओळ काढली. नोंद झाल्यावर परत घालू, पाकिटावर जागा ठेवली आहे.

नागपूरच्या वकिलांना कागद दाखवले. गट स्वतः कायद्याने संस्था नाही, तेव्हा अर्ज कोणाच्या नावाने हे ते ठरवून सांगतील. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे एका सिलिंडरएवढी. आधी वर्ग ३०, लोणचं सुरू झाल्यावर २९. पाकिटावर तूर्त टीएम लिहायचं. गोलातला आर नोंदणी झाल्यावरच, ताईंनी आग्रह केला तरी नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

सिलिंडर आताच कोरायचे नाहीत असं ठरलं. पहिला माल साध्या पारदर्शक पाऊचमध्ये, वर आमच्याच मशीनवर छापलेलं स्टिकर. अर्ज तपासला गेला, ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला आणि इतरांना विरोध करायला मिळणारे चार महिने उलटले की मग ग्रॅव्हूर. दोन रंगांचं चित्र असल्यामुळे तेव्हा सिलिंडरही कमी लागतील.

ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी येतं. त्यात वर्ग ३० ची पानं बघायचं काम मुलाने अंगावर घेतलं आहे, म्हणजे आपल्या बोटांसारखं काही दुसऱ्याने टाकलं तर आपल्यालाही चार महिन्यांच्या आत विरोध करता येईल. कोणते कोड, कोणते वर्ग, हे त्याने वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.

स्टिकर ५०० छापले. आजींनी एक हातात घेऊन आपल्या बोटांशी लावून बघितलं आणि बांगडी दोन हव्या होत्या म्हणाल्या. पुढच्या छपाईला दोन करतो, अर्ज जाण्याआधी, कारण अर्जात जे चित्र जाईल तेच पाकिटावर राहिलं पाहिजे.